सात मिनिटांचं भाषण आणि मक्याचा एक दाणा: सायन्स डेच्या एका भाषणाची केस

ही केस एका भाषणाची आहे. कॉलेजच्या सायन्स डेला एफवायच्या एका ज्युनियर मुलीला भाषण द्यायचं होतं, विषय "मधमाश्या आणि इतर परागण करणारे कीटक का महत्त्वाचे आणि कीटकनाशकांमुळे त्यांना काय धोका", वेळ सात मिनिटं, त्यानंतर तीन मिनिटं प्रश्न. मी एमएस्सीला कीटकशास्त्र घेतलंय म्हणून ती माझ्याकडे आली, "ताई, फक्त एकदा नजर टाक, बाकी सगळं तयार आहे" म्हणाली. सगळं तयार होतं हे खरं, पण त्यातलं अर्ध्याहून जास्त काढून टाकावं लागलं, आणि का काढलं तेच इथे लिहितेय.

पहिल्या ड्राफ्टची सुरुवात आइनस्टाइनच्या त्या वाक्याने होती, मधमाश्या संपल्या की माणूस चार वर्षांत संपेल वालं. ते वाक्य आइनस्टाइनने म्हटल्याचा काहीही पुरावा नाही, आणि म्हटलं असतं तरी चूकच ठरलं असतं, कारण गहू, तांदूळ, मका ही आपली पोट भरणारी धान्यं कीटकांवर अवलंबून नाहीत. मक्याचे परागकण वाऱ्याने उडतात, गहू-तांदळाचं फूल बहुतेक स्वतःच स्वतःचं काम उरकतं. हे मी सांगितल्यावर ती जरा हिरमुसली, म्हणाली "मग मधमाश्या महत्त्वाच्या नाहीतच का?"

दुसरं वाक्य होतं "आपल्या ताटातला प्रत्येक तिसरा घास मधमाशीमुळे". हे अगदीच खोटं नाही, पण अर्धवट आहे. जगातलं साधारण ३५ टक्के पीक उत्पादन अशा पिकांमधून येतं ज्यांना प्राण्यांच्या परागणाचा *काहीतरी* फायदा होतो. पण त्यातल्या बऱ्याच पिकांना तो थोडाच होतो, कीटक नसले तरी पीक येतं, फक्त कमी येतं. परागण करणारे सगळे प्राणी उद्या गायब झाले तर वजनाच्या हिशोबाने घट साधारण ५ ते ८ टक्क्यांची धरली जाते. आकडा लहान वाटतो, पण ती घट कुठे पडते ते बघा ना, बदाम, सफरचंद, भोपळा, कलिंगड, कोको, म्हणजे पोट भरणाऱ्या नाही तर जीवनसत्त्वं देणाऱ्या गोष्टींवर. भाषणात आम्ही हेच ठेवलं, की उपाशी मरणार नाही पण ताट फिकं पडेल. श्रोत्यांमध्ये बायोचे प्राध्यापक बसणार होते, तिथे अतिशयोक्ती केली की पहिल्याच प्रश्नात पकडली जाते.

आणि "मधमाश्या" म्हणजे फक्त मध देणारी माशी नाही हेही एका उदाहरणाने सांगायचं ठरलं. टोमॅटोचं फूल घ्या. त्याचे परागकण मिठाच्या डबीसारख्या नळीत बंद असतात, टोकाला बारीक छिद्र. ते बाहेर काढायला फूल जोरात हलवावं लागतं. भुंग्यासारखी जाड केसाळ बंबलबी फुलाला लटकते, पंख न फडकवता छातीचे स्नायू थरथरवते आणि परागकण भसकन तिच्या पोटावर पडतात. मधाच्या माशीला ही युक्ती येतच नाही. म्हणून ग्रीनहाउसवाले टोमॅटोसाठी बंबलबीच्या पेट्या ठेवतात. एवढं एक उदाहरण, तेही चाळीस सेकंदात. ड्राफ्टमध्ये फुलपाखरं, वटवाघळं, पतंग, भुंगेरे सगळ्यांची हजेरी होती, ती सरळ कापली.

आता मुख्य भाग, कीटकनाशकं. ड्राफ्टमध्ये दहा औषधांची नावं होती आणि प्रत्येकाखाली "हे मधमाश्यांसाठी अत्यंत हानिकारक आहे". असं ऐकून कोणाच्या काही लक्षात राहत नाही. मी म्हटलं एकच घटना घे आणि विष दाण्यापासून माशीपर्यंत कसं पोचलं ते पाऊल-पाऊल दाखव. आम्ही निवडली ती २००८ ची जर्मनीतली घटना, कारण तिथे कारण नक्की सापडलं, नाहीतर माश्यांच्या मरण्यात नेहमी दहा कारणांची खिचडी असते.

घटना अशी. जर्मनीच्या नैऋत्येला बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य आहे, तिथे ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात मका खूप पिकतो. एप्रिल २००८ च्या शेवटी आणि मेच्या सुरुवातीला मधपाळांना पेट्यांसमोर मेलेल्या माश्यांचे ढीग दिसायला लागले. जवळपास ७०० मधपाळ आणि माश्यांच्या ११,००० च्या वर वसाहतींना फटका बसला. आणि मुद्दा हा की त्या दिवसांत कुणी फुलोऱ्यावर फवारणी केली म्हणून हे झालं नव्हतं, मक्याची फक्त पेरणी चालू होती.

इथे श्रोता म्हणणार की मका तर वाऱ्यावर चालतो, आत्ताच सांगितलंस, मग मक्याच्या पेरणीने माशी कशी मरेल? हाच प्रश्न त्यांच्या डोक्यात यायला हवा म्हणून आधी मक्याचा उल्लेख मुद्दाम केला होता.

तर त्या भागात २००७ मध्ये मक्याची मुळं खाणारा एक भुंगेरा सापडला होता, वेस्टर्न कॉर्न रूटवर्म, मूळचा अमेरिकेचा. तो पसरू नये म्हणून बियाण्याला क्लोथियानिडिन नावाचं औषध नेहमीपेक्षा जास्त डोसने लावलं गेलं, एका दाण्याला १.२५ मिलिग्रॅम. हे औषध निओनिकोटिनॉइड गटातलं. कागदावर ही पद्धत माशीसाठी सगळ्यात सेफ दिसते, औषध दाण्यावर, दाणा मातीत, हवेत काहीच नाही. पण त्या वर्षी काही लॉटमध्ये औषध दाण्याला नीट चिकटलेलं नव्हतं, चिकटवणारा पदार्थ कमी पडला होता, म्हणून पोत्यात दाण्यावर दाणा घासून भुकटी सुटत होती. त्यात पेरणी यंत्रं व्हॅक्यूमवर चालणारी. फिरत्या तबकडीच्या छिद्रात दाणा हवेच्या ओढीने चिकटतो आणि बरोबर जागी पडतो, छान यंत्र आहे, पण ओढलेली हवा कुठेतरी बाहेर सोडावी लागते, आणि ती तोंडं वर किंवा बाजूला होती. म्हणजे मशीन दाणा जमिनीत पेरत होतं आणि भुकटी हवेत. वर पावसाने पेरणी लांबली होती, त्यामुळे ती नेमकी शेजारच्या मोहरीवर्गीय रेपसीडच्या आणि फळझाडांच्या फुलोऱ्यात आली, आणि वारा होताच. भुकटी फुलांवर बसली, माश्या फुलांवर बसल्या.

हे तोंडी सांगून कळत नाही म्हणून तिने स्टेजवर एक छोटा डेमो केला, आयडिया तिचीच. घरून मक्याचे सुके दाणे आणले, त्यांना खडूची भुकटी चोळली, अर्ध्यांवर आधी पाण्यात कालवलेला डिंक लावून मग भुकटी आणि सुकवले. दोन्ही ढीग वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बरणीत घालून वीसदा हलवले, मग चाळणीत ओतून खालून हेअर ड्रायरची थंड हवा आणि मागे काळा चार्ट पेपर. डिंकवाल्या दाण्यांचं जवळपास काहीच उडालं नाही, दुसऱ्यांचा पांढरा ढग चार्टवर जाऊन बसला आणि पहिल्या रांगेतल्या दोघांना शिंका आल्या. रिहर्सलला ड्रायर गरम हवेवर राहिला आणि डिंक चिकट होऊन दाणे चाळणीला बसले, म्हणून थंड हवेचं बटण टेप लावून फिक्स केलं, कुणी हा डेमो करणार असेल तर ही सूचना लक्षात ठेवा.

आता डोसचं गणित, हे तिने फळ्यावर केलं. मधमाशीच्या पोटात गेलं तर निम्म्या माश्या मारणारा क्लोथियानिडिनचा डोस साधारण ४ नॅनोग्रॅम आहे. यालाच एलडी-५० म्हणतात. एका मिलिग्रॅममध्ये दहा लाख नॅनोग्रॅम असतात, म्हणजे एका दाण्यावर साडेबारा लाख नॅनोग्रॅम. चारने भागलं की तीन लाखांच्या वर डोस, एका दाण्यावर! एका हेक्टरला साधारण एक लाख दाणे धरले तर १२५ ग्रॅम औषध. समजा त्यातलं फक्त एक टक्का भुकटी होऊन उडालं, म्हणजे सव्वा ग्रॅम, चमचाभर पण नाही, तरी ते ३१ कोटी डोसइतकं होतं. मी तिला बजावलं होतं की इथे लगेच पुढचं वाक्य बोल, की याचा अर्थ ३१ कोटी माश्या मेल्या असा नाही, बहुतेक भुकटी मातीत, पानांवर, पाण्यात जाते, हे फक्त माशीच्या मापात किती थोडं पुरतं ते दाखवतं. तिने बोललं, पण टाळ्या आधीच्या वाक्यालाच पडल्या, चालायचंच.

औषध करतं काय? माशीच्या मेंदूत एका पेशीकडून दुसरीकडे निरोप जाताना ॲसिटिलकोलीन नावाचा रेणू दारावरची बेल दाबतो, निरोप पोचला की एक एन्झाइम त्याला लगेच मोडून टाकतं आणि बेल थांबते. निओनिकोटिनॉइड तीच बेल दाबतं पण ते एन्झाइम त्याला मोडू शकत नाही. बटण अडकलं, बेल वाजतच राहिली. आधी थरथर, गोल गोल फिरणं, मग लकवा. माणसाच्या पेशींवरच्या बेलला हा रेणू बराच कमी चिकटतो म्हणून हे औषध जुन्या औषधांपेक्षा शेतकऱ्यासाठी कमी धोक्याचं मानलं गेलं, आणि ते त्या अर्थाने बरोबरही होतं. हे वाक्य मी आग्रहाने ठेवायला लावलं. औषध बनवणारे राक्षस आणि माशी बिचारी अशी गोष्ट सांगितली की मग कुणी हे औषध वापरलंच का याचं उत्तर मिळत नाही.

मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग म्हणजे विषबाधाच झाली हे ओळखलं कसं. कारण वसाहती बऱ्याच गोष्टींनी मरतात. गोचिडीसारखी व्हरोआ नावाची माइट लागली असेल तर पंख वेडेवाकडे असलेल्या माश्या दिसतात आणि वसाहत हळूहळू खंगते. उपासमार झाली असेल तर मेलेल्या माश्या मेणाच्या कप्प्यात डोकं खुपसून पडलेल्या सापडतात. फाउलब्रूडसारखा रोग असेल तर आधी अळ्या सडतात. पण कालपर्यंत गजबजलेल्या पेटीसमोर एका-दोन दिवसात ढीग पडला, आणि तोही बाहेर जाऊन फुलं गोळा करणाऱ्या मोठ्या माश्यांचा, बऱ्याच जणींची जीभ बाहेर आलेली, काही जमिनीवर थरथरतायत, आणि शेजारच्या चार-पाच मधपाळांकडेही त्याच आठवड्यात तेच, तर संशय विषावर जातो. नुसता संशयच, बरं का. पुरावा लॅबमध्ये. त्यासाठी ताज्या मेलेल्या माश्या, शंभरेक ग्रॅम म्हणजे साधारण हजार माश्या, आणि आसपासच्या फुलांचा नमुना लगेच फ्रीझ करून पाठवावा लागतो. आठवडाभर उन्हापावसात पडलेल्या कुजक्या माश्यांतून काही हाती लागत नाही, आणि खूप केसेस इथेच संपतात. २००८ मध्ये मधपाळांनी वेळेत नमुने दिले, युलियुस क्यून इन्स्टिट्यूट या जर्मनीच्या सरकारी पीक-संशोधन संस्थेने ते तपासले आणि जवळपास सगळ्या नमुन्यांत क्लोथियानिडिन निघालं. माश्यांनी पेटीत साठवलेल्या परागातही ते होतं, म्हणून बाहेरची भुकटी संपल्यावरही आतल्या लहान माश्यांना त्रास चालू राहिला. मेच्या मध्यात सरकारने अशा बियाणे-औषधांची परवानगी थांबवली.

इथे भाषण संपवता आलं असतं, पण मग ऐकणारा म्हणणार "म्हणजे डिंक नीट लावला की प्रश्न मिटला". खरंच नंतर भुकटीची मर्यादा ठरली, यंत्रांना हवा खाली जमिनीकडे वळवणारे पाइप लागले, भुकटी खूप कमी झाली. पण हे औषध पाण्यात विरघळून रोपाच्या रसात जातं, तिथून परागात आणि मधुरसात. म्हणून दुसरी गोष्ट जोडली, स्वीडनमधला २०१५ ला छापून आलेला प्रयोग. रेपसीडची १६ शेतं, ८ ठिकाणी क्लोथियानिडिन लावलेलं बियाणं, ८ ठिकाणी बिनऔषधाचं. प्रत्येक शेताशी ऑस्मिया नावाच्या एकट्या राहणाऱ्या माशीचे कोश आणि पोकळ नळ्या ठेवल्या. ही माशी नळीत परागाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडं, मग चिखलाची भिंत, मग पुढचा कप्पा. बिनऔषधाच्या ८ पैकी ६ शेतांत माद्यांनी नळ्यांमध्ये घर करायला सुरुवात केली. औषधाच्या ८ पैकी एकाही शेतात नाही. बंबलबीच्या वसाहतीही कमी वाढल्या. आणि मधाच्या माश्यांच्या वसाहतींमध्ये? ठळक फरक नाही!

हे कसं, असं तिने मलाच विचारलं होतं आणि मग तोच संवाद भाषणात आला. मधाच्या माशीच्या वसाहतीत तीस-चाळीस हजार कामकरी असतात, राणी सीझनमध्ये दिवसाला हजाराच्या वर अंडी घालते, शंभर-दोनशे माश्या वाट चुकून परत आल्या नाहीत तर भरून निघतं. ऑस्मियाची मादी स्वतःच राणी, स्वतःच कामकरी, आयुष्यात जेमतेम वीसेक अंडी. ती एक दिवस भरकटली की तेवढी पिढी गेली. आणि औषधांची चाचणी वर्षानुवर्षं मुख्यतः मधाच्या माशीवरच होत आलीये, म्हणजे जिचं नुकसान सगळ्यात उशिरा दिसतं तिच्यावर. मला वाटतं अख्ख्या भाषणातला सगळ्यात चांगला मुद्दा हाच होता. युरोपियन युनियनने २०१३ मध्ये या गटातल्या तीन औषधांवर निर्बंध आणले आणि २०१८ मध्ये उघड्या शेतातला वापर बंदच केला, हे तिने एका वाक्यात उरकलं.

प्रश्नोत्तरात तीन प्रश्न आले. पहिला सोपा, मध खाणं सोडायचं का, नाही. दुसरा एका प्राध्यापकांचा, "अहो पण मग त्या मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याचं शेतकऱ्याने काय करायचं?" हा येणार हे माहीत होतं. उत्तर असं की हा भुंगेरा अंडी मक्याच्याच शेतात घालतो आणि पुढच्या वसंतात अळ्या निघाल्या की त्यांना मक्याचीच मुळं लागतात, लांब चालत जाता येत नाही. पुढच्या वर्षी त्या शेतात मका सोडून दुसरं काहीही लावलं की अळ्या उपाशी मरतात. स्वित्झर्लंड याच फेरपालटावर भुंगेऱ्याला आवरतं. सर म्हणाले सगळीकडे हे जमत नाही, जनावरांच्या चाऱ्यासाठी दरवर्षी मकाच लागतो अशी शेतं असतात, आणि अमेरिकेत काही भुंगेरे सोयाबीनच्या शेतातही अंडी घालायला शिकलेत. दोन्ही बरोबर. तिने "हो सर, हे मला घालायला हवं होतं" म्हटलं आणि ते मला उगाच काहीतरी रेटून बोलण्यापेक्षा आवडलं.

तिसरा प्रश्न एका मुलाचा, "त्या ११,००० वसाहती सगळ्या मेल्या का?" आणि इथे ती अडकली, कारण स्टेजवर घाईत तिने "११,००० वसाहती मेल्या" असं म्हटलं होतं. कागदावर "फटका बसला" होतं. बऱ्याच वसाहतींच्या बाहेर जाणाऱ्या माश्या गेल्या, वसाहती दुबळ्या झाल्या, पण सगळ्या संपल्या नाहीत. तिने चूक कबूल केली. खाली उतरल्यावर पहिलं काम तिने काय केलं तर माझ्याकडून पेन घेऊन त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या, पुढच्या आठवड्यात तेच भाषण ज्युनियर कॉलेजच्या मुलांसमोर पुन्हा द्यायचंय.